‘चार तास घराबाहेर राहा’: पेस्ट कंट्रोलच्या मेसेजमधली प्रत्येक ओळ कशासाठी असते

श्रावण संपत आला की कोकणात घराघरांतून झुरळांचा विषय निघतो. गणपती आठ-दहा दिवसांवर आलेले असतात, मुंबईकर यायचे असतात, आणि रात्री स्वयंपाकघरातला दिवा लावला की ओट्यावरून चार-पाच झुरळं सटकताना दिसतात. मग पेस्ट कंट्रोलवाल्याला फोन होतो आणि आदल्या दिवशी मोबाइलवर मेसेज येतो, साधारण असा:

> नमस्कार. उद्या शुक्रवारी सकाळी 10 वाजता आमचा माणूस येईल. फवारणी + जेल. अन्न व भांडी झाकून ठेवा, ओट्याखालची कपाटं रिकामी करा. काम झाल्यावर 4 तास घर बंद ठेवून बाहेर राहा. परत आल्यावर 1 तास खिडक्या उघड्या ठेवा. 15 दिवस भिंतीच्या कडा पुसू नका.

वाचायला अर्धं मिनिट लागतं. पण अन्न झाकायचं म्हणजे कशाने? चार तास कधीपासून मोजायचे? बाळ रांगतं, त्याला कधी आणायचं? पंधरा दिवस पुसायचं नाही, तर गणपतीला घर तसंच ठेवायचं का? या प्रश्नांची उत्तरं मेसेजमध्ये नसतात. ती समजून घेण्यासाठी आधी फवारलेलं औषध घरात काय करतं ते पाहू.

## औषध हवेत काम करत नाही, भिंतीवर करतं

झुरळांसाठी घरात जी फवारणी होते तिच्यात बहुतेक वेळा पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात कीटक मारणारं नैसर्गिक द्रव्य असतं. त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेल्या औषधांचा हा गट. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्यातली नेहमी ऐकू येणारी नावं. औषध पाण्यात मिसळून भिंतीच्या कडांना, फटींना आणि मोरीच्या तोंडाशी मारतात. पाणी उडून जातं आणि औषधाचा दिसणार नाही इतका पातळ थर तिथे चिकटून राहतो. रात्री झुरळ त्यावरून चालतं, औषध पायांना लागतं आणि मज्जासंस्थेवर परिणाम होऊन ते उलटं पडतं.

सारवलेल्या अंगणाचं उदाहरण घ्या. शेण ओलं असताना कोणी पाय ठेवला तर पायही भरतो आणि सारवणही उचलतं. वाळलं की त्यावरून माणसं बिनघोर चालतात. फवारणीचंही तसंच आहे. ओली असताना ती हाताला, पायाला, कपड्याला लागते आणि तिचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगत असतात. वाळली की बरीचशी जागच्या जागी बसते. म्हणून बाहेर राहण्याचा वेळ हा मुळात थेंब खाली बसण्याचा आणि ओल सुकण्याचा वेळ आहे. वास जाण्याशी त्याचा थेट संबंध नाही. वास बहुतेक वेळा औषध ज्या द्रावकात विरघळवलेलं असतं त्याचा येतो. काही औषधांना जवळजवळ वासच नसतो, तरी ओलसर असताना ती तितकीच अंगाला लागतात.

मेसेजमधला दुसरा शब्द ‘जेल’. हे फवारायचं औषध नाही. साबुदाण्याच्या दाण्याएवढे गोडसर आमिषाचे ठिपके बिजागऱ्यांच्या मागे आणि खणांच्या कोपऱ्यांत सिरिंजने लावतात. झुरळ ते खातं, आपल्या बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा किंवा मेलेलं झुरळ खाऊन बाकीचीही मरतात. फक्त जेल लावणार असतील तर घर सोडायची गरज नसते. मात्र जेलवर फवारणीचा शिंतोडा उडाला तर झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणून जाणकार माणूस ओट्याखाली आणि कपाटांत जेल लावतो. फवारणी मोरी, न्हाणीघर, पडवी आणि भिंतीच्या कडांपुरती ठेवतो. दोन्ही एकाच जागी मारायला निघाला तर त्याला थांबवा.

## झाकायचं काय, आणि कशाने

मेसेजमध्ये ‘अन्न झाका’ वाचून बऱ्याच घरांत डब्यांवर जुनं लुगडं किंवा चादर टाकतात. कापड शिंतोडे शोषून घेतं आणि पुढचे कित्येक तास खालच्या वस्तूला लागून राहतं. झाकायला प्लास्टिकचा कागद किंवा घट्ट झाकण हवं. पावसाळ्यात पडवीला बांधायचा निळा-पिवळा कागद घरोघरी असतोच, तो स्वच्छ पुसून वापरला तरी चालतो. फक्त त्याची जी बाजू वर होती ती घडीच्या आत राहील अशी घडी घाला आणि बाहेर नेऊन धुवा.

पायरेथ्रॉइड औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. म्हणून तेलकट, तुपकट आणि उघड्या पदार्थांची काळजी जास्त घ्यायची. कोकणातल्या घरात हे पदार्थ फक्त डब्यांत नसतात. माळ्यावर सुकट आणि सुके बोंबील टांगलेले असतात, सोलं सुपात पसरलेली असतात, लोणच्याच्या बरण्यांना नुसता दादरा बांधलेला असतो, नारळ सोलून ठेवलेले असतात. सुकी मासळी झाकण्यापेक्षा डब्यात भरून घराबाहेर, शेजारी किंवा खोपीत नेणं बरं. भाताच्या कणगीवर कागद टाकून कडेने दोरी आवळा. हंडे-कळशा ओतून पालथ्या ठेवा आणि प्यायचं पाणी परत आल्यावर नव्याने भरा. फ्रिजचं दार घट्ट लावलेलं असेल तर आतल्या वस्तूंना काही होत नाही. त्या दाराच्या रबरी पट्टीवर मात्र फवारू देऊ नका.

टूथब्रश, बाळाची खेळणी, दुधाची बाटली आणि उशा-पांघरुणं विसरली जातात. या वस्तू एका पिशवीत भरून सोबत नेल्या की झाकायचा प्रश्नच उरत नाही.

देवघरातली समई आणि निरांजन विझवा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा, चुलीत निखारे असतील तर पाणी मारा. काही औषधांतलं द्रावक पेट घेऊ शकतं.

आता याच्या उलट बाजू. सगळंच झाकून ठेवलं तर फवारणी कुठे करायची? मेसेजमध्ये ‘कपाटं रिकामी करा’ असतं ते यासाठी. झुरळ उजेडात राहत नाही. ते सिंकखालच्या पाइपाच्या भोकात, कपाटाच्या बिजागरीत आणि सिलेंडरच्या मागच्या कोपऱ्यात राहतं. तिथे भांडी रचलेली असतील तर माणूस वरवर नोझल फिरवून निघून जातो. म्हणून ओट्याखालचं सामान काढून माजघराच्या मधोमध ठेवा आणि त्यावर कागद टाका. कपाटं, पलंग, धान्याची पिंपं भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. एवढं करायला दोन माणसांना दीड तास लागतो, म्हणून ते माणूस दारात आल्यावर सुरू करू नका.

मासे पाळलेले असतील तर ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पायरेथ्रॉइड माणसाला जितकं बाधतं त्याच्या कित्येक पट माशांना आणि कोळंबीला बाधतं. काचपेटीवर नुसता कागद टाकून भागत नाही, कारण हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो आणि त्या हवेबरोबर औषधाचे कणही जातात. पंप बंद करून पेटी झाकली तर काही तासांत पाण्यातला प्राणवायू कमी पडू लागतो. पेटी लहान असेल तर शेजाऱ्यांकडे नेणं हाच खरा उपाय. मोठी असेल तर त्या खोलीत फवारणी न करता फक्त जेल लावायला सांगा.

## एक उदाहरण: मालवण तालुक्यातलं चिऱ्याचं घर

चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून न्हाणीघर. घरात आजी, मुलगा, सून, नऊ महिन्यांचं रांगतं बाळ आणि एक मांजर. वर दिलेला मेसेज या घरात आला असं धरू.

मुलाने पहिल्यांदा विचार केला, की आजीला दम्याचा त्रास, बाहेर पाऊस, तर तिला माजघरात बसवून दार लोटून घेऊ. फवारणी मुख्यतः स्वयंपाकघरातच आहे. इथे चूक होते, आणि ती घराच्या बांधणीमुळे होते. कौलारू घरात खोल्यांमधल्या भिंती छपरापर्यंत नेलेल्या नसतात. वर माळ्याच्या पातळीवर हवा सगळीकडे मोकळी फिरते. स्वयंपाकघरात उडालेले बारीक थेंब वरून माजघरात उतरतात. सिमेंटच्या छताच्या फ्लॅटमध्ये एक खोली बंद करून बसता येतं की नाही यावर वाद घालता येईल. कौलारू घरात तो वादच नको, सगळ्यांनी बाहेर पडायचं. दमेकऱ्याला या औषधाने खोकला आणि धाप सुरू होऊ शकते.

माणूस दहाला आला. सामान हलवणं, जेल लावणं आणि फवारणी मिळून अकरा चाळीस झाले. चार तास अकरा चाळीसपासून मोजायचे, दहापासून नाही. म्हणजे कमीत कमी तीन चाळीस. हा हिशेब चुकला की लोक दोन वाजता परततात आणि ओल्या कडांवर पाय देतात. निघताना त्या माणसाला ‘शेवटचं कुठे मारलं आणि किती वाजता’ एवढं विचारून फोनवर लिहून ठेवा.

आता पावसाची गोष्ट. चार तास हा आकडा कोरड्या हवेत बरोबर असतो. ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ 85 टक्क्यांच्या वर असते. दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत तिथे भिंतीच्या कडेची ओल चार तासांत कशी जाईल? त्यातून चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. या घरासाठी सहा तास धरलेले बरे, म्हणजे पाच चाळीस.

पण तिन्हीसांजेला दारं-खिडक्या उघडल्या की डास आत येतात आणि उघडल्या नाहीत तर घर वारं खात नाही. यावर उपाय फवारणीच्या वेळेतच आहे. पावसाळ्यात सकाळी आठ किंवा नऊची वेळ मागून घ्या. साडेदहाला काम संपलं तर साडेचारला घर उघडता येतं आणि अंधार पडायच्या आत दोन तास वारा मिळतो. दुपारी तीनची वेळ देऊ केली तर ती नाकारून दुसरा दिवस घ्या.

‘घर बंद ठेवा’ म्हणतात ते पहिल्या तासाभरासाठी महत्त्वाचं आहे. हवेतले थेंब त्या वेळात खाली बसतात. पंखा किंवा वारा असेल तर ते उडून नको तिथे जातात. म्हणून फवारणी चालू असताना पंखे बंदच हवेत. तासाभरानंतर मात्र वारा सुकायला मदतच करतो. कौलांच्या फटीतून आणि वरच्या झरोक्यातून हवा खेळत असेल तर ते चांगलंच आहे, ते बुजवू नका.

## परत येताना कोणी आधी, कोणी नंतर

सगळे एकदम आत शिरायचे नाहीत. आधी एक निरोगी माणूस चपला घालून आत जातो, समोरासमोरच्या खिडक्या-दारं उघडतो, पंखे पूर्ण वेगात लावतो आणि पुन्हा बाहेर येतो. समोरासमोर यासाठी, की एकाच बाजूच्या चार खिडक्या उघडून हवा बदलत नाही. एका बाजूने आत आली पाहिजे आणि दुसरीने बाहेर गेली पाहिजे.

तासाभराने तोच माणूस ओल तपासतो. पांढरा टिश्यू किंवा कागदी रुमाल घ्या आणि न्हाणीघराच्या दारापाशी, सिंकजवळ आणि माजघराच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात कडेला टेकवा. कागद ओलसर झाला तर अजून थांबा. गिलाव्याच्या भिंतीवर ओल गडद पट्ट्यासारखी दिसते. पट्टा भिंतीच्या रंगात मिसळला की वाळलं. एकच कोपरा ओला राहिला आणि तिथे पावसाची गळती असेल तर ती फवारणीची ओल नसून गळतीची असू शकते. अशा जागी औषध टिकतच नाही, ते पुढच्या भेटीत सांगा.

कागद कोरडा निघाला की मोठी माणसं आत येऊ शकतात. आजीला आणखी दोन-तीन तास बाहेर थांबता आलं तर बरं. बाळाला मात्र त्या रात्री आजोळी किंवा शेजारी ठेवा. मोठा माणूस जमिनीला फक्त पावलाने शिवतो. रांगतं बाळ तळहात आणि गुडघे घासत जातं आणि तोच हात तोंडात घालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्यांची मधली जमीन साध्या पाण्याने दोनदा पुसा, भिंतीपासून एक वीत सोडून. मग बाळाला आणा आणि पहिला आठवडा त्याला सतरंजीवर मधोमध खेळवा. गरोदर बाईनेही तो दिवस आणि रात्र बाहेर काढावी.

मांजराचं वेगळं आहे. मांजराच्या यकृताला ही औषधं लवकर मोडता येत नाहीत, आणि ते दिवसभर पंजे चाटत असतं. पूर्ण वाळेपर्यंत त्याला आत येऊ देऊ नका. कौलारू घरात मांजर माळ्यावरून परत येतं, म्हणून सकाळीच धरून टोपलीखाली किंवा शेजाऱ्यांच्या पडवीत बंद ठेवा. नंतर लाळ गळणं, अंगाला झटके येणं किंवा पाय लटपटणं दिसलं तर लगेच गुरांच्या डॉक्टरांकडे न्या.

परत आल्यावर जेवण करण्याआधी ओट्याचा वरचा भाग साबणाने धुवा आणि झाकून ठेवलेली असली तरी भांडी एकदा विसळून घ्या. ओट्याच्या खालची कपाटं पुसू नका, तिथे जेल आहे.

तोंडाला, हाताला मुंग्या आल्यासारखं किंवा झोंबल्यासारखं वाटलं तर त्वचेला औषध लागलं आहे. साबणाने धुऊन काढलं की काही तासांत, फार तर एका दिवसात ते जातं. मळमळ, सतत खोकला, धाप किंवा चक्कर असेल तर घराबाहेर मोकळ्या हवेत जा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा. कोणी औषध गिळलं असेल तर उलटी करवू नका, कारण द्रावक फुप्फुसात जाऊ शकतं. 108 ला फोन करा.

## ‘पण पंधरा दिवस न पुसता गणपती कसा बसवायचा?’

कोकणातला हा खरा पेच आहे आणि तो कामांचा क्रम लावून सुटतो. फवारणीनंतर घासून-पुसून घर लख्ख केलं तर औषधाचा थर निघून जातो आणि पैसे पाण्यात जातात. फिनेल घातलेल्या पाण्याने कडा पुसल्या की आठवड्यात झुरळं पुन्हा फिरताना दिसतात, मग लोक म्हणतात औषधच बोगस होतं.

आधी चुना किंवा रंग, मग पूर्ण साफसफाई, मग फवारणी, आणि त्यानंतर फक्त मधली जमीन पुसणं, असा क्रम ठेवा. चुना फवारणीच्या नंतर लावला तर दोन प्रकारे नुकसान होतं. थर झाकला जातो, आणि चुन्याच्या अल्कली गुणाने औषध लवकर मोडतंही. चुना आधी लावला असेल तर तो पूर्ण वाळू द्या. सारवलेली जमीन असेल तर तिथे फवारणीचा फारसा उपयोग नाही. माती औषध पिऊन टाकते आणि पुढच्या सारवणाने ते गाडलं जातं. अशा खोलीत जेलवरच भर द्यायला सांगा.

गणपती जिथे बसणार ती भिंत आणि वरची माटवी यांवर फवारू देऊ नका. माटवीला फळं, भाज्या, शेंगा टांगल्या जातात आणि त्या नंतर खाल्ल्या जातात. मखराच्या जागेत झुरळ राहतही नाही, त्याला तिथे खायला काही नसतं. फवारणी चतुर्थीच्या निदान आठ दिवस आधी उरकली तर पाहुणे येईपर्यंत मेलेली झुरळं झाडून होतात.

## ‘जास्त मारा, नीट होईल’

हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. भिंतीवर फवारताना चौरस मीटरला साधारण 40 मिलिलिटर तयार पाणी पुरतं. त्याहून जास्त मारलं की ते ओघळून खाली येतं. बारा फूट बाय दहा फूट स्वयंपाकघराच्या चारी कडा मिळून 44 फूट, म्हणजे सुमारे साडेतेरा मीटर. कडेला फूटभर उंचीचा पट्टा मारला तर चार चौरस मीटर होतात. त्याला लागतात जेमतेम 160 मिलिलिटर, चहाचे दोन कप. आपल्या उदाहरणातल्या अख्ख्या घराला, मोरी आणि चौकटी धरून, एक ते दीड लिटर पुष्कळ झालं.

माणूस पाच लिटरचा पंप आणून रिकामा करून गेला आणि जमिनीवर थारोळी दिसली, तर झुरळं जास्त मरत नाहीत. फक्त वाळायला वेळ जास्त लागतो आणि जमिनीवर औषध जास्त राहतं. अशा वेळी चार तासांचा आकडा विसरा, थारोळं फडक्याने टिपून घ्या आणि बाळ-मांजराला दुसऱ्या दिवशीच आणा. फडकं धुऊन पुन्हा वापरू नका.

उरलेलं पाणी कुठे जातं तेही पाहा. पंप विहिरीच्या काठावर किंवा व्हाळाशी धुऊ देऊ नका. पावसाच्या पाण्याबरोबर ते व्हाळातून खाडीत जातं, आणि माशांना हे औषध किती बाधतं ते वर आलंच आहे. पंप त्यांच्या ठिकाणी नेऊन धुवावा.

## ‘वास नसलेलं, हर्बल आहे, बाहेर जायला नको’

‘हर्बल’ या शब्दाने काही कळत नाही. फुलातून काढलेलं मूळ द्रव्यही कीटक मारतंच आणि मांजरासाठी व माशांसाठी धोक्याचंच असतं. म्हणून मेसेजला उत्तर देताना औषधाचं नाव आणि बाटलीच्या लेबलाचा फोटो मागा. भारतात कीटकनाशकं 1968 च्या कायद्याखाली येतात आणि प्रत्येक बाटलीवर विषारीपणा दाखवणारा रंगीत खुणेचा चौकोन असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. लाल खूण घरात नको. बिनलेबलाच्या पाण्याच्या बाटलीतून ओतलं जात असेल तर काम थांबवा. व्यावसायिक फवारणीसाठी परवाना लागतो, तो मागायला लाजू नका. फवारणीनंतर किती वेळ बाहेर राहायचं याबाबत लेबलावर मेसेजपेक्षा जास्त वेळ दिला असेल तर लेबलाचं ऐका.

‘डीडीव्हीपी’ म्हणून ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस अजूनही कोणी कोणी सुचवतात, कारण त्याच्या वाफेने झुरळं डोळ्यांदेखत पडतात. त्यावर भारतात 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे.

आणि एक गोष्ट अशी, जिथे चार तास, सहा तास असला कुठलाच हिशेब लागू नाही. भातातल्या किड्यांसाठी किंवा ढेकणांसाठी कोणी ‘गोळ्या’ ठेवतो म्हणाला आणि त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील, तर राहत्या घरात त्या कधीही ठेवू देऊ नका. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, आणि किनाऱ्यावर दमटपणाची कमी नाही. हा वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो. त्यावर उतारा नाही. अशा गोळ्यांनी झोपेत माणसं, विशेषतः मुलं, दगावली आहेत. कणगीत आधीच ठेवलेल्या असतील आणि लसणासारखा किंवा कुजल्या माशासारखा वास येत असेल तर काही न उचलता सगळ्यांना बाहेर काढा.

## फवारणीनंतर झुरळं जास्त का दिसतात

पहिले दोन-चार दिवस झुरळं दिवसाढवळ्या जमिनीवर येतात, लडखडतात, उलटी पडतात. औषधाने ती बिळातून बाहेर पडतात, म्हणून असं होतं. त्यांना झाडून टाका, वरून बाजारातला स्प्रे मारू नका, नाहीतर जेल वाया जाईल.

आठवड्याने शांत झालं आणि पंधरा-वीस दिवसांनी तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं दिसली, तर तेही अपेक्षित आहे. स्वयंपाकघरातलं लहान तपकिरी झुरळ, ज्याच्या मानेशी दोन काळे पट्टे असतात, त्याच्या अंड्यांच्या एका कोशात 30 ते 40 अंडी असतात आणि कोशाच्या कवचातून औषध आत जात नाही. अंडी फुटून पिल्लं बाहेर आली की मगच ती औषधाला किंवा जेलला सापडतात. म्हणून दुसरी भेट ठरवताना ती साधारण तिसऱ्या आठवड्यात मागा. पाच-सहा दिवसांत ‘मोफत दुसरी फवारणी’ देऊ केली तर ती अंड्यांसाठी लवकर होते.

दुसऱ्या भेटीचा मेसेज आला की त्याला उत्तर म्हणून एवढं लिहून पाठवा: घरात रांगतं बाळ, दमेकरी आणि मांजर आहे; औषधाचं नाव आणि लेबलाचा फोटो पाठवा; या वेळी फक्त जेल चालेल का; फवारणी लागलीच तर सकाळी आठची वेळ द्या. पहिल्या खेपेला नीट काम झालेलं असेल तर बऱ्याच घरांना दुसऱ्या खेपेला फक्त जेल पुरतं, आणि मग आजीला पावसात शेजारी जाऊन बसावं लागत नाही.